इंजिन ओरडते पण घाट चढत नाही, तर आधी डावं कव्हर उघडा

"भाऊ, माझी 2018 ची 110 सीसी स्कूटर आहे, कार्बुरेटरवाली, 34 हजार चालली. मोताळ्याहून रोज बुलढाण्याला जातो. सपाटीवर ठीक चालते पण राजूर घाटात मागं मिसेस बसली की 20-25 च्या वर जातच नाही, इंजिन नुसतं ओरडते. सुटताना थरथरते बी. एकानं कार्बुरेटर साफ केला, दुसऱ्यानं इंजिन खोला म्हणून 7 हजार सांगितले. काय करू?"

इंजिनकाम सध्या थांबवा. तुम्ही स्वतःच लिहिलं की इंजिन ओरडते, अन् हाच शब्द सगळ्यात कामाचा आहे. ज्या इंजिनची रिंग गेली, कॉम्प्रेशन गेलं ते घाटात ओरडत नाही, ते दबतं, आवाज खाली बसतो, धूर देते, ऑईल पिते. ओरडणारं इंजिन म्हणजे ताकद तयार होत आहे पण मागच्या चाकापर्यंत पोचत नाही. मधात कुठं तरी ती सांडते, आणि स्कूटरमध्ये मधात काय असते तर डाव्या कव्हरच्या आतला पट्टा, समोरची पुली, तिच्यातले रोलर अन् मागचा क्लच. मी 19 वर्षांपासून घाटाखालीच गॅरेज चालवतो, घाट चढत नाही म्हणून आलेल्या बहुतेक गाड्यांचं दुखणं मला त्या कव्हरच्या आतच सापडलं आहे. एअर फिल्टरचं दुखणं वेगळं राहते, ते पुढं सांगतो, कारण तुमच्या गाडीत दोन्ही असू शकतात.

आधी हे डोक्यात बसवा की आतमध्ये होते काय. स्कूटरला गिअर नाही असं लोक म्हणतात पण गिअर आहे, फक्त तो दातांचा नाही, पट्ट्याचा आहे. समोर एक पुली इंजिनच्या क्रँकवर, मागं एक पुली चाकाच्या बाजूला, अन् दोन्हीवर एक जाड रबरी पट्टा. या पुल्या दोन थाळ्यांच्या असतात, थाळ्या जवळ आल्या की पट्टा वर चढते, लांब गेल्या की खाली उतरते. गाडी उभी असताना समोर पट्टा एकदम तळाशी अन् मागं एकदम वर, म्हणजे सायकलच्या भाषेत समोर लहान चक्री अन् मागं मोठी, चढाचा गिअर. स्पीड वाढली की समोरच्या पुलीमागं ठेवलेले 6 रोलर फिरण्याच्या जोरानं बाहेर फेकल्या जातात, तिरप्या वाटेवर सरकतात अन् थाळीला ढकलतात, पट्टा समोर वर चढते, मागं खाली जाते, झाला गिअर मोठा. घाट लागला की उलटं व्हायला पाहिजे, मागची स्प्रिंग थाळ्या दाबून पट्टा परत वर ओढते अन् गिअर लहान होते. हे सगळं नीट चाललं की इंजिन एकाच आवाजात राहते अन् काम पट्टा करते.

आता पट्टा झिजला म्हणजे नुसता पातळ झाला असं नाही, तो अंगानं अरुंद होते. रुंदी दीड मिलीमीटरनं कमी झाली की मागच्या पुलीत तो पहिल्यासारखा कडेपर्यंत वर बसत नाही, थोडा आत रुतते, म्हणजे तुमचा चढाचा गिअर मुळातच चढाचा राहिला नाही. अन् समोर थाळ्या पूर्ण मिटल्या तरी अरुंद पट्टा वरच्या कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून टॉप स्पीड बी पडते. दोन्ही टोकांनी गिअर जाते. सपाटीवर 40-45 नं जाणाऱ्याला हे कळतच नाही कारण तिथं पट्टा मधल्या जागेत खेळते, घाटात मात्र लगेच उघडं पडते. त्यात झिजून अंग गुळगुळीत झालं असलं की जोर पडल्यावर पट्टा घसरते बी, मग इंजिनचा आवाज वाढते अन् काटा तिथंच.

रोलरची गोष्ट वेगळी. नवा रोलर गोल नळकांडीसारखा असते, बाहेर प्लास्टिक, आत धातू. रोज एकाच जागी घासून त्याला एक बाजू सपाट पडते, आम्ही म्हणतो रोलर बसला. बसलेला रोलर लोळत नाही, घसरते, अन् घसरताना अडकते. मग गिअर सरसर न बदलता टप्प्याटप्प्यानं बदलते, किंवा मोठ्या गिअरवर अडकून राहते अन् चढावर खाली यायला तयार नसते. त्या वेळी इंजिन ओरडत नाही, उलट घुमल्यासारखा जड आवाज करते अन् गाडी दम टाकते. म्हणून तुम्हाला म्हणतो आवाज नीट ऐका, पट्ट्याचा आवाज वर जाते, रोलरचा खाली बसते किंवा हिंदकळते.

ही तपासणी घरच्या घरी होते. सकाळी रस्ता मोकळा असला की सपाट डांबरीवर गाडी उभी करा, जागेवरून एकदम पूर्ण एक्सलेटर द्या अन् 50 पर्यंत जाऊ द्या. चांगल्या गाडीत इंजिनचा आवाज पहिल्या दोन-तीन सेकंदात एका उंचीवर चढते अन् तिथंच थांबते, नंतर फक्त काटा वाढत जाते, आवाज नाही. तुमच्या गाडीत आवाज चढतच गेला अन् काटा रेंगाळला तर पट्टा किंवा क्लच घसरते. आवाज वर-खाली झोके घेत गेला तर रोलर. अन् आवाज चढलाच नाही, पूर्ण एक्सलेटरवर गाडी भरल्या पोटानं चालल्यासारखी वाटली अन् एक्सलेटर थोडं कमी केल्यावर उलट बरी ओढली, तर ते पट्ट्याकडचं नाही, हवेचं दुखणं आहे, फिल्टर पाहा.

थरथरीचं बी असंच, कधी होते ते पाहा. फक्त सुटताना 10-15 पर्यंत थरथरून नंतर एकदम शांत होत असेल तर जास्त करून मागचा क्लच, त्याच्या शूवर, म्हणजे फिरताना बाहेर फाकून ड्रमला आतून धरणाऱ्या अस्तराच्या तुकड्यांवर, काचेसारखी चकाकी येते अन् ते ड्रमला एकसारखं न धरता धरसोड करतात. लाल दिव्यावर उभं असताना डाव्या बाजूनं खडखड येते अन् एक्सलेटर दिलं की बंद होते, तर समोरच्या पुलीतले स्लायडर, म्हणजे रोलरच्या मागच्या प्लेटला लावलेले 3 प्लास्टिकचे तुकडे झिजले. एका ठराविक स्पीडवर पायाखाली एकसारखी गुणगुण येत असेल तर पट्ट्यावर उंचवटा आला किंवा रोलर बसले. अन् उतारावर एक्सलेटर सोडून दिल्यावर बी तशीच थरथर राहिली तर कव्हर खोलूच नका, टायर, रिम, बेअरिंग पाहा. एक आणखी, इंजिन ज्या हँगरवर लटकलं असते त्याचे रबरी बुश आपल्या खडबडीत रस्त्यानं लवकर जातात, ते गेले की सगळीच थरथर दुप्पट वाटते. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हातानं आडवं हलवून पाहा, इंजिनसकट खेळ लागला तर बुश.

आता एक गाडी सांगतो, कारण त्यात मी स्वतः चुकलो होतो अन् त्याच्यावरनंच मला क्रम पक्का कळला. आमच्या इकडचे एक दूधवाले काका, 20-20 लिटरच्या दोन कॅन दोन्हीकडं लटकवून रोज घाट चढायचे, गाडी 41 हजार चाललेली. माझ्याकडं येण्याआधी दोनदा कार्बुरेटर साफ झाला, नवा प्लग लागला अन् एका ठिकाणी रिंग बी बदलून झाली होती, तरी घाटात 18-20 च्या वर काटा नाही. काका म्हणे, "भाऊ, आता हे गाडी इकून टाकतो, मले पायदळ बरं." मी डावं कव्हर काढलं तर आत सगळी काळी भुकटी. पट्टा काढून व्हर्निअरनं मोजला तर 16.9 मिलीमीटर भरला, त्याच गाडीचा नवा पट्टा माझ्याकडं होता तो 18.4. दीड मिलीमीटर गेला होता. उलटा वाकवून पाहिला तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा अन् कडेनं धागे निघालेले.

रोलर बी मी पाहिले होते. सहापैकी चार बसलेले होते, पण काकांचा हात आखडता होता, दुधाचा पैसा यायचा होता, म्हणून मी म्हटलं आधी पट्टा टाकू, रोलर पुढच्या महिन्यात. ही माझी चूक. गाडी सुधारली, घाटात 28 ला गेली, काका खुश. पंधरा दिवसांनी परत आले, आता सुटताना झटके बसतात अन् घाटाच्या वळणावर स्पीड कमी केली की परत उचलतच नाही. कव्हर काढलं तर नव्या पट्ट्याच्या अंगावर आडवे चकाकणारे पट्टे उमटले होते, कारण रोलर अडकत होते, थाळी धक्क्यानं सरकत होती अन् प्रत्येक धक्क्याला पट्टा घासल्या जात होता. मग सहाच्या सहा रोलर अन् तिन्ही स्लायडर बदलले. तेच ओझं, तोच घाट, 34.

तरी मला समाधान नव्हतं. प्लग काढला तर काळाकुट्ट, कोरड्या काजळीचा. फिल्टर काढला अन् तिथं तिसरं दुखणं. कोणी तरी तो कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकून परत बसवला होता. तो तेलाचा कागद होता, म्हणजे कंपनीतूनच चिकट तेल लावून आलेला, धूळ त्या तेलाला चिकटावी म्हणून. असा फिल्टर फुंकला की वरचं तेल उडते, कागदाला न दिसणारी भोकं पडतात अन् उरलेली धूळ घड्यांमध्ये खोल बसते. काकांच्या गोठ्याशेजारीच थ्रेशर चालायचं, सोयाबीनचं अन् तुरीचं कुटार, त्याची बारीक भुकटी अन् जिनिंगवरून उडालेलं कापसाचं तूस असं सगळं त्यात चिखलासारखं जमलं होतं. नवा फिल्टर टाकला, पेट्रोलचा स्क्रू जागेवर आणला, दोन्ही कॅन भरलेल्या असताना गाडी घाटात 40 नं चढली. लिटरला 34 देत होती ती 42 द्यायला लागली. रिंग टाकायची गरजच नव्हती.

फिल्टर बंद झाला की इंजिनला हवा कमी मिळते, कार्बुरेटर मात्र पेट्रोल ओढतच राहते, मग मिश्रण घट्ट होते, प्लग काळा पडते, मायलेज पडते, अन् जिथं जास्त हवा पाहिजे तिथंच, म्हणजे पूर्ण एक्सलेटरवर घाटात, गाडी गुदमरते. तुमची गाडी कार्बुरेटरवाली असल्यानं प्लगचा रंग तुम्हाला खरं सांगेल. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 गाड्यांत पेट्रोल इंजेक्टरनं जाते अन् कंप्युटर हवेच्या हिशोबानं पेट्रोल कमी करते, त्यामुळं त्यांच्यात फिल्टर बंद असला तरी प्लग काळा दिसेलच असं नाही, फक्त ताकद मरते. तुमच्याकडं 34 हजारात फिल्टर कधी बदलला आठवते का? मॅन्युअलमध्ये तेलाच्या कागदासाठी साधारण 15-16 हजाराचा आकडा असते, पण तो डांबरी रस्त्याचा हिशोब. पांदण रस्ता, मुरूम अन् थ्रेशर जवळ असलं तर मी 8 हजाराला बदलतो अन् दिवाळीनंतर, सोयाबीन निघून गेल्यावर, एकदा उघडून पाहतोच. रंगावर जाऊ नका, तेलाचा कागद दोन हजारात बी काळपट दिसते. खात्री करायची असली तर त्याच मॉडेलवाल्या मित्राचा चांगला फिल्टर लावून एकदा घाट चढून पाहा. फिल्टर काढून, उघड्या तोंडानं गाडी चालवून कोणी टेस्ट करा म्हणाला तर करू नका, आपल्याकडच्या धुळीत तेवढ्यात सिलेंडर घासल्या जाते. फोमचा फिल्टर असला तर ती गोष्ट वेगळी, तो साबणाच्या पाण्यात धुवून, सावलीत पूर्ण वाळवून, हलकं तेल लावून पिळून परत लावता येते.

आता डावं कव्हर. तुमच्या मेकॅनिकपाशी बसून उघडून घ्या, स्वतःच्या डोळ्यानं पाहा. कव्हरचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात, खरड्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा. गाडी चालवून आणली असली तर अर्धा तास थंड होऊ द्या. आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरनं फुंकू देऊ नका, क्लचची धूळ छातीत जाते, ओल्या कपड्यानं पुसा अन् तोंडाला दुपट्टा बांधा. सगळ्यात पहिले पाहायचं ते तेल. आत कुठं ओलं तेल दिसलं, क्रँकच्या बाजूनं किंवा मागच्या गिअरबॉक्सच्या बाजूनं, तर आधी ते सील बदलायचं. तेलावर नवा पट्टा टाकला तर तो आठ दिवसांत घसरायला लागते अन् तुम्ही म्हणाल पट्टा डुप्लिकेट निघाला.

पट्टा कसा पाहायचा ते वर आलंच, रुंदी मोजायची, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी रुंदी दिलेली असते, तिच्यापेक्षा खाली गेला की संपला, अन् चिरा दिसल्या तर रुंदी कितीही असो बदलायचा. बहुतेक 110 सीसी गाड्यांना 20 ते 25 हजाराच्या मधात पट्टा बदलायला सांगितलं असते, तुमचा 34 हजाराला पहिलाच असेल तर मोजायच्या आधीच मी म्हणेन की गेला. रोलर काढताना सहाही एका ओळीत काचेवर ठेवून लोळवा, जो टक टक करत अडकते तो बसलेला. एक बसला असला तरी सहा बदलायचे, नव्याजुन्याचं वजन अन् घेर वेगळा पडते मग थाळी तिरपी ढकलल्या जाते.

वजनाबद्दल एक गोष्ट, कारण हा सल्ला खूप फिरते. हलके रोलर टाका, घाट मस्त चढते म्हणतात. खरं आहे, हलका रोलर उशिरा बाहेर जाते, गिअर जास्त वेळ लहान राहते, चढाला बरं वाटते. पण मग सपाटीवर बी इंजिन जास्त फिरते, पेट्रोल जास्त लागते, टॉप स्पीडला गाडी कुथते. तुम्ही रोज जाता त्यात घाट थोडा अन् सपाटी जास्त, तर कंपनीच्याच वजनाचे रोलर टाका. झिजलेला पट्टा लपवायला हलके रोलर टाकलेल्या दोन-तीन गाड्या माझ्याकडं आल्या, दोन महिने बऱ्या चालल्या अन् मग पट्टा तुटूनच आला.

रोलर कोरडे बसवायचे की ग्रीस लावून, हे गाडीवर आहे. बहुतेक गाड्यांत कोरडे. तिथं ग्रीस लावलं की ते फेकल्या जाऊन पट्ट्यावर येते. ज्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये ग्रीस सांगितलं अन् त्याचं सील दिलं तिथंच, तेही सांगितलं तेवढंच. रोलरची एक बाजू प्लास्टिकनं झाकलेली अन् दुसरी उघडी असते, सगळे एकाच दिशेनं बसतात, खोलायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

बसवताना जी चूक होते ती फार महाग पडते म्हणून थोडं थांबून सांगतो. दोन जागा आहेत. एक, रोलर भरलेली थाळी क्रँकवर चढवताना मागची प्लेट हातानं घट्ट दाबून धरायची, नाही तर एखादा रोलर आपल्या खोबणीतून निसटून आडवा पडते, बाहेरून काहीच दिसत नाही अन् गाडी चालू केली की थाळी फुटते. दुसरी, पट्टा. मागच्या पुलीच्या थाळ्या दोन्ही हातांनी फाकवून पट्टा आधी तिच्या तळाशी दाबायचा, मग समोर तो सैल होते, समोर तळाशी बसवायचा, तेव्हाच बाहेरची पंख्याची थाळी अन् नट लावायचा. हे न करता घाईत नट आवळला तर पट्टा थाळी अन् मधल्या नळीच्या मधात चिमटल्या जाते. नट आवळल्यासारखा वाटते पण तो पट्ट्यावर आवळलेला असते, पाच-पन्नास किलोमीटरमध्ये पट्टा सरकते, नट ढिला होते, अन् क्रँकच्या टोकावरचे दात खाऊन टाकते. मग खरंच इंजिन खोलावं लागते. ओळखायचं कसं, तर नट लावल्यावर समोरचा पट्टा हातानं हलवून पाहा, तो तळाशी अन् सैल पाहिजे. समोर ताठ अन् वर चढलेला दिसला तर चिमटला आहे, परत खोला. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळायचा अन् पुली धरायला तिचं होल्डर वापरायचं, पंख्याच्या पात्यात पेचकस अडकवून आवळलं की पाती तुटतात अन् मग ती पुली स्वतःच थरथर करते. पट्ट्यावर बाण असला तर फिरण्याच्या दिशेनं, नसला तर अक्षरं बाहेरून सरळ वाचता आली पाहिजेत.

थाळ्यांच्या तोंडावर नख फिरवा. नख अडकलं, म्हणजे पायरी पडली असेल तर नवा पट्टा बी त्याच पायरीवर अडखळेल, ती थाळी बदला. पायरी नसेल तर पेट्रोलच्या कपड्यानं पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. कव्हरला हवा जायची एक वाट असते, काही गाड्यांत तिथं बी छोटा फोम असते, तो तुसानं बंद झाला की आतली गरमी निघत नाही अन् पट्टा वेळेआधी कडक होते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा 44-45 ला जाते तेव्हा हे जास्त मारते.

मागचा क्लच तुमच्या सुटतानाच्या थरथरीसाठी उघडायचाच आहे. ड्रम आतून निळसर पडला का पाहा, निळा म्हणजे घसरून तापला. शूवर चकाकी असेल अन् अस्तर शिल्लक असेल तर 100 नंबरच्या पॉलिश पेपरनं आडवं हलकं घासायचं, ड्रमही आतून तसंच. अस्तर संपत आलं असेल तर शू नवीन. मागच्या पुलीच्या आत तिरप्या खाचा अन् पिना असतात, चढावर जोर पडला की त्याच पुलीला दाबून गिअर लहान करतात. त्यांचं ग्रीस वाळलं की घाटात गिअर खाली येत नाही, अन् हे कोणी पाहतच नाही. तिथं ग्रीस लागते. पण ते उघडायला दाबलेली मोठी स्प्रिंग सोडावी लागते, हत्याराशिवाय घरी करू नका, स्प्रिंग नट घेऊन तोंडावर येते.

खर्च सांगतो, मोघम आहे, गावागावात फरक राहील. चांगला पट्टा, रोलर-स्लायडर, फिल्टर अन् मजुरी धरून आमच्याकडं 1500 ते 2000 च्या मधात होते, क्लच शू लागले तर वर 500-600. पट्टा मात्र कंपनीचाच घ्या, रस्त्यावरचा दोनशेचा पट्टा पाच-सहा हजारात अरुंद होते. दुधवाल्या काकांसारखं तुकड्या-तुकड्यानं करू नका, पट्टा अन् रोलर एकाच वेळी, एकाच मजुरीत.

अन् तोपर्यंत दोघं बसून घाट उतरू नका, हे मनापासून सांगतो. चिरलेला पट्टा उतारावर तुटला तर इंजिनचा सगळा अटकाव जाते, फक्त ब्रेकवर गाडी राहते अन् राजूर घाटाच्या वळणावर मागं घरचं माणूस असताना ते नको. मिसेसला तेवढे दिवस एसटीनं जाऊ द्या.

काम झाल्यावर पहिले 100-150 किलोमीटर पूर्ण एक्सलेटर देऊ नका, पट्ट्याचं अंग पुलीला लागू द्या. मग दोघं बसून त्याच घाटात त्याच वळणावर काटा पाहा, 35-40 मिळाले पाहिजेत. मिळाले नाहीत अन् आवाज बी चढत नसला तर मागचा ब्रेक चिकटून तर नाही ना ते मेन स्टँडवर चाक हातानं फिरवून पाहा, टायरची हवा पाहा, व्हॉल्व्हची सेटिंग करून घ्या, अन् एवढं करून बी दम नसला तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. गेजवर आकडा कमी आला तर 7 हजारवाल्याकडं जायचं, त्याच्या आधी नाही. मोजलेला पट्टा किती मिलीमीटर निघाला ते इथं लिहा, मी सांगतो.